हिंगण्याची कंपनी म्हणते "सव्वादोन देतो, पण मराठी शब्दांवर". चॅटवर उत्तर काय देऊ?

कानामात्रा (धागा सुरू केला, रात्री ११:२०)

मी मानेवाड्याला राहते, इंग्रजी-मराठी भाषांतर घरून करते, चौथं वर्ष चालू आहे. आजवरची कामं मुंबई-पुण्याच्या एजन्सीजची. तिथे दर त्यांचाच असतो, आपण हो म्हणायचं नाहीतर गप्प बसायचं. यावेळी पहिल्यांदा थेट कंपनी मिळाली. हिंगणा एमआयडीसीतली, फवारणी पंप बनवते. तीन मॉडेल्सची वापरपुस्तिका मराठीत हवी आहे. एकच वर्ड फाईल, १८,४०० इंग्रजी शब्द. मी शब्दाला अडीच रुपये सांगितले, म्हणजे ४६,०००.

बोलणं सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर. आजचा भाग इथे देते, नाव काढून:

> ते: मॅडम रेट जास्त होऊन राहिला. दुसरे १ रुपयात करून देतात
> ते: आणि तिन्ही मॉडेलमध्ये सत्तर टक्के सेमच आहे
> ते: पुढे भरपूर काम आहे आमच्याकडे
> मी: सर, अडीच हा माझा नेहमीचा दर आहे.
> ते: चला २.२५ फायनल. पण मराठी वर्डवर. जेवढं काम हातात येईल तेवढ्याचे पैसे
> ते: उद्या १२ पर्यंत कन्फर्म करा, सरांना सांगायचं आहे

शेवटचा मेसेज १०:४० चा. "मग १ रुपयावाल्यांकडूनच घ्या" असं टाईप केलं, खोडलं, परत टाईप केलं, परत खोडलं. त्यांना तिकडे ते 'टायपिंग' दिसलंच असणार. पंचवीस पैसेच कमी होत आहेत, हो म्हणून टाकू का? नमुन्याची तीन पानं आधीच करून दिली आहेत, ती त्यांना आवडली.

संत्रामार्केट

ताई कायले डोक्याले तरास करून घेता. रात्री पावणेअकराले रेट मागनारा मानूस पैसे बी रात्रीच देईन का? 😄 ब्लॉक करा अन् झोपा. मी पेंटिंगची कामं घेतो घरांची. "पुढे भरपूर काम आहे" म्हननाऱ्याचं पुढचं काम म्या आजवर पाह्यलं नाही.

जुनी_पाटी

ब्लॉक नको आणि होही नको. आधी एक करा. ती नमुन्याची तीन पानं उघडा, इंग्रजी किती शब्द होते आणि मराठी किती झाले ते बघून इथे लिहा. मग बोलू.

कानामात्रा

इंग्रजी ९२०, मराठी ७३०. आत्ता मोजले. हे कधी बघितलंच नव्हतं, एजन्सी नेहमी इंग्रजीवरच मोजते.

जुनी_पाटी

आता पुढचा हिशेब. तुमची फाईल त्या नमुन्याच्या बरोबर वीसपट आहे, म्हणजे मराठीत साधारण १४,६०० शब्द होतील. त्याचे सव्वादोनने ३२,८५०. ते १८,४०० वर पसरले तर इंग्रजी शब्दाला एक रुपया एकोणऐंशी पैसे पडतात. तुम्हाला पंचवीस पैसे कमी दिसले, प्रत्यक्षात एकाहत्तर कमी झाले. मराठी शब्दांवर मोजून ४६,००० हवे असतील तर दर ३.१५ सांगावा लागेल.

असं का होतं हे तुमच्याच पुस्तिकेतल्यासारख्या वाक्यावर बघा. "टर्न ऑफ द व्हॉल्व्ह बिफोर यू ओपन द लिड ऑफ द टँक" हे बारा शब्द. "टाकीचे झाकण उघडण्यापूर्वी व्हॉल्व्ह बंद करा" हे सहा. आपल्याकडे 'द' नाही, 'ऑफ' शब्दाला चिकटून 'चे' होतो, 'बिफोर यू' क्रियापदाच्या शेपटीत जातो. काम तेवढंच, शब्द निम्मे. सगळी वाक्यं इतकी आटत नाहीत, पण सूचनांचा मजकूर असला की वीसेक टक्के कमी होताना मी नेहमी बघतो.

हा त्यांचा डावच असेल असं मात्र समजू नका. हातात आलेली फाईल मोजायची आणि पैसे द्यायचे, हे हिशेबाच्या माणसाला सरळ वाटतं. तुम्हालाही चार वर्षांत कुठे माहीत होतं? म्हणून चॅटवर "तुम्ही फसवताय" असा सूर नको.

कॅमेरावाला_वर्धारोड

मी व्हिडिओ एडिटिंग करतो. एका क्लायंटने "मिनिटाला दर" ठरवला आणि मी खूश. मग कळलं की मिनिटं तयार व्हिडिओची. सहा तासांचं फुटेज, त्यातून चार मिनिटांचं फायनल. चारच मिनिटांचे पैसे मिळाले. तेव्हा कोणी सांगितलं असतं तर... असो. ताई, मला विचारायचं होतं की अशा कंपन्या थेट मिळतात कुठे? मलाही हिंगण्याकडची कामं हवीत.

कानामात्रा

@कॅमेरावाला, ओळखीतून मिळाली हो. त्याचा वेगळा धागा काढा, मीही वाचेन.
@जुनी_पाटी, हात थंड पडले माझे. मी उद्या सकाळी हो म्हणणार होते.

खतावणी

एक मुद्दा राहतोय. कंपनी आहे म्हणजे १० टक्के टीडीएस कापणार. म्हणजे अडीचचे सव्वादोन तिथेच झाले. त्यामुळे दर सांगताना पावणेतीन सांगा, आणि वर १८ टक्के जीएसटी लावा. जीएसटी लावला की समोरचा आपोआप मूळ दरावर भांडायचं सोडतो, हा माझा अनुभव.

जुनी_पाटी

खतावणी, टीडीएस कापतात हे बरोबर, पण तो दर कमी होणं नव्हे. कापलेले पैसे तुमच्या पॅनवर जमा दिसतात, रिटर्न भरताना करात वळते होतात, कर नसेल तर परत मिळतात. ते पैसे उशिरा हातात येतात एवढंच. शिवाय एका कंपनीकडून वर्षभरात ५०,००० च्या वर गेलं तरच व्यावसायिक फीवर कापायचं असतं. आधी ही मर्यादा ३०,००० होती, एप्रिल २०२५ पासून वाढली. हे काम त्याच्या आतलं आहे. तरी काही हिशेबनीस सवयीने कापतात, तेव्हा 'रक्कम टीडीएसपूर्वीची' एवढं लिहून ठेवलेलं बरं.

जीएसटीचं मात्र तसं नाही. नोंदणी नसेल तर बिलावर जीएसटी लावताच येत नाही. सेवा देणाऱ्याला आपल्याकडे वर्षाला २० लाखांपर्यंत नोंदणी सक्तीची नाही, आणि कानामात्रा त्याखाली असाव्यात असा माझा अंदाज.

कानामात्रा

बऱ्याच खाली 🙂

खतावणी

माझी नोंदणी आहे म्हणून मी लावतो, ते धरूनच बोललो. बाकी ठीक.

पर्चेस_टेबल

मी त्या बाजूचा माणूस आहे. हिंगण्यात नाही, बुटीबोरीकडे, पण काम तेच. तुमच्याशी चॅट करणाऱ्याला पैसे वाचवून बक्षीस मिळत नाही. त्याला फाईलवर लिहायचं असतं की पहिला भाव इतका आला, बोलणी केली, शेवटचा इतका ठरला. दोन आकड्यांत फरक दिसला नाही तर त्याचे सर विचारतात, तू केलं काय? "१ रुपयात करतात" हे वाक्य आम्ही पेंटवाल्याला, कुरिअरवाल्याला, सगळ्यांना म्हणतो. त्याला उत्तर द्यायचं नसतं. दिलंत तर आम्हालाही पुढचं वाक्य शोधावं लागतं.

मुद्दा असा की त्याला काहीतरी घेऊन जाऊ द्या. दर सोडू नका, पण आकडा जरा हलवा आणि का हलवला ते त्याला एका ओळीत सरांना सांगता येईल असं द्या.

आणि मराठी शब्दांचं म्हणाल तर ते आमच्यासाठीच अडचणीचं आहे. पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, काढायला रक्कम लागते. काम संपल्यावर शब्द मोजू म्हटलं तर पीओ कशावर काढू? त्याने हा विचार केलेला दिसत नाही. तुम्ही नुसतं "इंग्रजीवर मोजलं तर रक्कम आजच पक्की होते" म्हणा, तो स्वतःच वळेल.

जुनी_पाटी

हे सोन्यासारखं सांगितलंत. मी इतकी वर्षं शब्द आटतात तेच समजावत बसलो.

आता आकडा कुठून हलवायचा? "सत्तर टक्के सेम आहे" यातच वाट आहे, कारण त्यात थोडं तथ्य असणार. कानामात्रा, ओमेगाटी किंवा भाषांतराचं जे सॉफ्टवेअर वापरता त्यात फाईल टाका आणि पुनरावृत्ती किती दाखवतो ते बघा.

कानामात्रा (दुसऱ्या दिवशी सकाळी ७:५०)

बघितलं. तंतोतंत तीच वाक्यं धरून ३,२०० शब्द. सत्तर टक्के कुठे, साडेसतरा झाले. पण नुसतं वाचताना मलाही जास्त वाटलं होतं.

जुनी_पाटी

वाचताना वाटतंच. "टाकीची क्षमता १६ लिटर" आणि "टाकीची क्षमता २० लिटर" ही डोळ्याला सारखी, यंत्राला वेगळी. आणि यंत्र चूक नाही. आकडे, दाब, मॉडेलचं नाव प्रत्येक ठिकाणी आपल्याला बघावंच लागतं. एका पंपाचा दाब दुसऱ्याच्या पानावर गेला तर शेतकऱ्याच्या अंगावर औषध उडायचं.

पण शब्दशः तेच असलेले ३,२०० तुम्ही कमी दराने धरू शकता. फुकट नव्हे, कारण दुसऱ्या जागी ते वाक्य बसतं का हे पाहावं लागतं. अडीचच्या तीस टक्के म्हणजे ७५ पैसे धरा. उरलेले १५,२०० अडीचने ३८,०००, आणि हे २,४००. एकूण ४०,४००. पर्चेसवाल्याला ४६ वरून ४०.४ नेलं असं लिहिता येतं, तुमचा दर अडीचच राहतो, आणि जे ५,६०० कमी झाले ते कमी कामाचे कमी झाले.

अनुस्वार_मुंबई

माझा याला विरोध आहे. थेट क्लायंटला पुनरावृत्तीची सूट शिकवू नये. एजन्सीजनी हेच केलं, आधी तीस टक्के, मग दहा, मग "रिपीट आहे ना, मग पैसे कसले". आणि मग जवळजवळ सारख्या वाक्यांवरही सूट मागतात. पुढच्या पुस्तिकेला हेच साहेब म्हणतील की जुनीच आहे, फक्त आकडे बदला.

जुनी_पाटी

होऊ शकतं. पण विषय त्यांनीच काढला आहे, सत्तर टक्क्यांचा आकडाही त्यांनीच टाकला आहे. तो तसाच हवेत ठेवला तर तो सगळ्या रकमेला चिकटतो. मोजून ३,२०० वर आणला की बोलणं तेवढ्यापुरतं उरतं.

अनुस्वार_मुंबई

मी असते तर सूट न देता पंधराऐवजी दहा दिवसांत काम देते म्हटलं असतं. असो, ज्याचं त्याला.

कानामात्रा

दहा दिवसांत मला जमणारच नाही ताई, घरी सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. मसुदा लिहिला आहे, बघा:

> नमस्कार सर. काल आपण मराठी शब्दांवर मोजण्याचे सुचवले. मराठीत विभक्ती प्रत्यय शब्दाला जोडले जात असल्याने शब्दसंख्या इंग्रजीपेक्षा कमी होते. नमुन्यात ९२० चे ७३० झाले, म्हणजे २.२५ हा दर प्रत्यक्षात १.७९ ठरतो, जो मला परवडणारा नाही. माझा अनुभव आणि कामाचा दर्जा आपण नमुन्यात पाहिलाच आहे. अनेक एजन्सीजही इंग्रजी शब्दांवरच मोजतात…

पर्चेस_टेबल

ताई, विभक्ती प्रत्यय वाचून मीच झोपलो, तो बिचारा सरांना काय वाचून दाखवणार 😄 त्याला हा मेसेज पुढे पाठवता आला पाहिजे, एवढं बघा. "परवडत नाही" काढा. त्यावर आमचं ठरलेलं उत्तर असतं की आम्हालाही परवडत नाही. दर्जा-बिर्जाही नको, नमुना आवडला तेव्हाच तो विषय संपला. रक्कम, कशी आली, कधी देणार, पैसे कसे. बस.

जुनी_पाटी

सहमत. ९२०-७३० खिशात ठेवा, त्यांनी परत विचारलं तरच काढा. आणि तीन तुकड्यांत पाठवू नका, सगळं एकाच मेसेजमध्ये जाऊ द्या. चॅटवर पहिल्या तुकड्याला उत्तर येतं आणि बाकीचे वर सरकून जातात.

कानामात्रा

हे पाठवलं, १०:१५ ला:

> नमस्कार सर. तिन्ही मॉडेल्समध्ये शब्दशः सारखा मजकूर मोजून पाहिला, तो ३,२०० शब्द आहे. तो मी ७५ पैशांनी धरते. उरलेले १५,२०० शब्द २.५० ने. एकूण ₹४०,४००, टीडीएसपूर्वीची रक्कम.
> मोजणी इंग्रजी फाईलवर ठेवू, म्हणजे रक्कम आजच पक्की होते आणि तुम्हाला पीओ काढता येईल.
> पीओ मिळाल्यापासून १५ कामाच्या दिवसांत फाईल देते. ३० टक्के आधी, बाकी फाईल दिल्यावर १५ दिवसांत. एकदा दुरुस्त्या यात धरल्या आहेत.

निळ्या खुणा आल्या आहेत. उत्तर नाही. साडेअकरा वाजत आले. काही विचारू का परत?

पर्चेस_टेबल

अजिबात नको. बारा ही वेळ त्याने दिली होती, तुम्ही त्याआधी उत्तर दिलंत, आता चेंडू तिकडे. तो सरांच्या केबिनबाहेर उभा असेल.

संत्रामार्केट

नायतर तर्री पोहे खात असन.

कानामात्रा (दुपारी ४:०५)

आलं! जसंच्या तसं:

> ते: मॅडम ४०,००० राउंड फिगर करा, सर ओके म्हणाले
> ते: ॲडव्हान्स सिस्टीममध्ये नाही. बिल दिल्यावर ६० दिवस
> ते: आणि चित्रातलं पण करायचं आहे ना

चारशे रुपये सोडते. पण हे साठ दिवस आणि चित्रातलं म्हणजे काय? चित्रांवर इंग्रजी लेबलं आहेत खरी, भाग दाखवणारे बाण वगैरे.

जुनी_पाटी

चित्रातलं मी विचारायलाच हवं होतं, चूक माझी. चित्र म्हणून चिकटवलेला मजकूर वर्डच्या मोजणीत येतच नाही. तुमच्या १८,४०० मध्ये ती लेबलं नाहीत. मजकूर-चौकटी असतील तर मोजणीच्या खिडकीत त्या धरायची खूण आहे, ती केली होती का बघा.

कानामात्रा

खूण होती. लेबलं चित्रातच आहेत. हाताने मोजली, २१२ शब्द.

जुनी_पाटी

२१२ अडीचने ५३०. त्यांनी मागितलेले चारशे आणि हे पाचशेतीस यांची अदलाबदल करू नका, दोन्ही वेगळे ठेवा. लेबलांचं भाषांतर वेगळ्या तक्त्यात देईन, चित्रावर बसवायचं काम तुमच्या डिझायनरचं, असं स्पष्ट लिहा. नाहीतर उद्या फोटोशॉप घेऊन तुम्हीच बसाल.

साठ दिवसांचं म्हणाल तर उद्यम नोंदणी आहे का?

कानामात्रा

आहे, मागच्या वर्षी केली. फुकट होती म्हणून केली, पुढे काही केलं नाही तिचं.

जुनी_पाटी

मग ४५ दिवसांच्या पलीकडे त्यांना जाता येत नाही. २००६ च्या कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी तशी मर्यादा आहे, लेखी काही ठरलं नसेल तर १५ दिवस. आणि आता पैसे वेळेत दिले नाहीत तर तो खर्च त्यांना पैसे प्रत्यक्ष देतील त्याच वर्षीच्या आयकरात वजा धरता येतो, त्यामुळे हिशेब खातं हे ऐकतं. पण चॅटवर कायदा काढू नका. "माझी उद्यम नोंदणी आहे, त्यामुळे ४५ दिवसांच्या आत धरावं लागेल, प्रमाणपत्र बिलासोबत जोडते" एवढंच.

खतावणी

ऐकतं म्हणे. माझ्या एका क्लायंटने प्रमाणपत्र पाहून पुढचं काम दुसऱ्याला दिलं, ज्याच्याकडे नोंदणी नव्हती.

पर्चेस_टेबल

हेही होतं, खोटं बोलत नाही. मोठं बिल असेल तर होतं. चाळीस हजारांसाठी कोणी तेवढा विचार करत नाही, असं मला वाटतं. ॲडव्हान्स मात्र विसरा, नव्या व्हेंडरला आमच्याकडेही निघत नाही. त्याऐवजी पहिलं मॉडेल झालं की त्याचं बिल वेगळं घ्या. ते निघतं.

अनुस्वार_मुंबई

आणि ठरलं ते ईमेलवर घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज १५ मिनिटांच्या आत बदलता येतो, दिसतं ते फक्त 'एडिटेड'. आधी काय होतं ते दिसत नाही.

कानामात्रा (रात्री ८:३०)

सगळं पाठवलं. मजकुराचे ४०,०००, लेबलांचे ५३० वेगळे, तक्त्यात. पहिल्या मॉडेलनंतर पहिलं बिल. ४५ दिवस. त्यांचं उत्तर "ok madam" आणि अंगठा. नेमकं कशाला ओके ते कळत नाही, म्हणून तेच सगळं ईमेलवर टाकून "यानुसार पीओ पाठवावा" लिहिलं आहे.

संत्रामार्केट

अंगठा म्हन्जे पावती नसते ताई. पीओ आल्याबिगर पहिलं पान बी उघडू नका.

कानामात्रा

नाही उघडत. मात्र आत्ताच परत त्यांचा मेसेज आला, "मॅडम हिंदीचं पण करता का तुम्ही?" हिंदीत शब्द किती होतात हो?

जुनी_पाटी

हिंदीत 'का, के, की, में' सुटे लिहितात. तुम्हीच तीन पानं करून मोजा आणि इथे टाका.